मागं राहणारी

रंभा वाघे मला पहिल्यांदा भेटली ती कल्याणच्या एका दवाखान्यात, ड्रेसिंगच्या रांगेत. मी माझ्या वहिनीला घेऊन गेले होते. वहिनीच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ती आपल्या साखरेचा इतिहास ऐकवत होती. रंभा शेजारच्या बाकावर बसली होती. डाव्या हाताला आधीच्या ड्रेसिंगची मळलेली पट्टी, तिच्यावर काळं पडलेलं रक्त. अंगात ताप होता, पण तोंडावर त्याची काही खबर नव्हती. वहिनीने तिला विचारलं, कशाने लागलं. ती म्हणाली, विळ्याने, गवत कापताना. वहिनीने विचारलं, सोबत कोणी नाही का. ती म्हणाली, नवरा कामावर आहे. मग उगीच काहीतरी बोलायचं म्हणून वहिनीने विचारलं, पोरंबाळं?

"पोरगी हाय एक. तिला मागं ठेवलीय."

कोणाकडे, असं मी विचारलं. रंभाने माझ्याकडे पाहिलं. हे काय विचारायचं, अशा नजरेने.

"शेठकडं. माझ्या जागी."

मी कोपरला राहते. कल्याणच्या एका श्रमिक संघटनेत बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे वीटभट्टीवरची, कोळशावरची, उसावरची माणसं पाहिलेली आहेत. माझा स्वभाव तापट आहे, हे घरचे रोज सांगतात आणि संघटनेतले पाठीमागे सांगतात. पण 'माझ्या जागी' हे शब्द ऐकून मला राग आला नाही. आधी नुसतं थंड वाटलं. पाणी मागावं तितक्या सहज ती ते बोलली होती.

वहिनीला रिक्षात बसवून दिलं आणि मी रंभाजवळ बसून राहिले. तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. मधूनच ती पट्टीकडे बघत बसायची. तिची गोष्ट मी जमेल तशी जोडून सांगते.

रंभा कातकरी. टिटवाळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी आहे. आपण गाडीतून जाताना दिवाळीनंतर ते पिवळे डोंगर बघतो आणि किती छान म्हणतो. ते गवत कापायला माणसं लागतात. ठेकेदार डोंगराचा उतार गवतासाठी भाड्याने घेतो, कातकऱ्यांकडून गवत कापून घेतो, त्याचे भारे डोक्यावरून खाली आणवतो, मशीनवर दाबून गाठी बांधतो आणि त्या तबेल्यांना विकतो. कल्याणच्या म्हशींचं दूध डोंबिवलीत चहात घालणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. असण्याचं कारणही नाही.

कापणी सुरू होते पावसानंतर, पण माणसं बांधली जातात पावसातच. भाताची लावणी उरकली की वाडीत काम नसतं. तांदूळ संपतो, पोरं आजारी पडतात, गौरी-गणपती येतात. नेमका तेव्हा ठेकेदार वाडीत येतो आणि बयाणा देतो. बयाणा म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आधी दिलेले पैसे. ते घेतले की दसऱ्यानंतर त्याच्याच उतारावर झोपडी टाकून राहायचं आणि गवत कापायचं. मजुरी भाऱ्यावर. ती बयाण्यात वळती होते. हातात मिळते फक्त आठवड्याची खर्ची, मीठ-मिरचीपुरती. हंगामाच्या शेवटी ठेकेदार हिशेब तोंडी सांगतो, आणि त्यात काही ना काही बाकी निघतेच. ती बाकी पुढच्या पावसातल्या बयाण्याच्या खाली जाऊन बसते.

इथवरचं मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते पुढचं.

रविवारी बाजार असतो. भाऊशेठ, म्हणजे त्यांचा ठेकेदार, माणसांना बाजाराला सोडत असे. त्याचं मन मोठं होतं असं धाकू, रंभाचा नवरा, अगदी मनापासून म्हणायचा. कोणाच्या घरी लग्न असो, मयत असो, शेठ नाही म्हणत नसे. फक्त प्रत्येक घरातलं एक माणूस झोपड्यांवर राहिलं पाहिजे. ते कोण, हे ज्या त्या घराने ठरवायचं. शेठ त्यात पडत नसे. कोणी पहारा देत नसे, कुलूप नव्हतं, कुत्रं होतं तेही रंभाच्या हातचं खाणारं. मागे माणूस आहे म्हटल्यावर गेलेली माणसं संध्याकाळी परत येत. एवढंच.

धाकूच्या घरातलं ते माणूस रंभा होती. आणि ती काही धाकूकडे आल्यावर राहायला शिकली नव्हती. लहान असताना बाप तिला ठेवून जायचा. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा काकाचं लग्न होतं. आई-बाप, भाऊ सगळे वरातीला गेले आणि ही दुसऱ्या कुठल्यातरी ठेकेदाराच्या झोपडीच्या दारात बसून राहिली. रडलीस का, असं मी विचारलं. म्हणाली, एक डाव रडले, मंग नाय. न रडणारी, पळून न जाणारी, कमी खाणारी पोरगी म्हणून घरात तिचं नाव झालं, आणि मागे राहायची वेळ आली की सगळे तिच्याचकडे बघू लागले. आपल्याकडे अडीनडीला सोनं गहाण ठेवतात. त्यांच्या घरात सोनं नव्हतं, रंभा होती.

तिचं लग्नसुद्धा बयाण्यावर लागलं. भाऊशेठच्या बापाने धाकूला लग्नासाठी पैसे दिले आणि हळद उतरायच्या आत जोडी डोंगरावर गेली. नंतर माहेरी-सासरी काय काय झालं, त्यातलं तिने फारसं काही पाहिलं नाही. तिची आई कापणीच्या दिवसांत वारली. धाकू जावई म्हणून गेला, खांदा दिला, दोन दिवसांनी परत आला. रंभा डोंगरावर होती. कोणीतरी राहायला पाहिजे होतं ना, असं तिने मलाच समजावून सांगितलं.

धाकू वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे लगेच त्याच्यावर घसरतील. बाजारातून तो तिच्यासाठी न चुकता शेवेची पुडी आणायचा. पिऊन आला तरी पुडी आणायचा, फक्त मग तिच्यातली शेव थोडी कमी असायची.

आता मागे राहिलेल्या पोरीबद्दल. करिश्मा, तेरा वर्षांची, आश्रमशाळेत सातवीत. दिवाळीच्या सुट्टीत आई-बापाकडे डोंगरावर आली होती. सुट्टी संपायला आली तेव्हा रंभाच्या हाताला विळा लागला. झाडपाला बांधला, हळद भरली, हात सुजून दुप्पट झाला. शेठनेच सांगितलं, दवाखान्यात जा. गाडीभाडं त्यानेच दिलं आणि खात्यावर टाकलं. मग नेहमीचा प्रश्न आला. रंभा जाणार तर मागे कोण? धाकू कापणीवर असला तरी तो गडी माणूस, गडी माणसाला मागे राहिलेला धरत नाहीत, तो कधीही उठून जाऊ शकतो. मग करिश्मा राहिली. शाळा सुरू झाली, ती गेली नाही. रंभाला ड्रेसिंगला पुन्हा पुन्हा यावं लागत होतं आणि पोरगी पुन्हा पुन्हा राहत होती. तोवर शेठच्या माणसांसाठी भाकऱ्या भाजत होती, गवत बांधत होती.

"ऱ्हाती चांगली," रंभा म्हणाली. "रडत नाय."

हे सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज जरासा हलला. तिला काय दिसत होतं ते मलाही दिसलं. पोरगी चांगली राहते असं एकदा घरात ठरलं, की मग ती जन्मभर राहणार.

मी त्याच दिवशी प्रांत ऑफिसला अर्ज दिला. वेठबिगारीच्या कायद्यात प्रांतांना म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना चौकशी करून माणसांना मोकळं करायचा अधिकार आहे. कल्याणच्या प्रांत तेव्हा एक बाई होत्या, नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या, कामगार खात्याचे एक अधिकारी, दोन पोलीस आणि मी, असे सगळे डोंगरावर गेलो. ऑफिसचा शिपाई प्रीतम गाडीत पुढे बसला होता. रंभाही आमच्याबरोबरच होती; तापामुळे रात्री तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं.

भाऊशेठने आमचं स्वागतच केलं. खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. बयाणा दिलाय, नाही कशाला म्हणू, सगळेच देतात, असं म्हणाला. ते खोटं नव्हतं. आगाऊ पैसे देणं हा काही गुन्हा नाही. त्या पैशापायी माणसाची जायची-यायची मोकळीक गेली, दुसरीकडे काम करायची मुभा गेली, किंवा सरकारी किमान मजुरीही हातात पडेना, की मग ती वेठबिगारी होते. साखळदंड लागत नाहीत. पण ही मोकळीक गेली आहे हे कोणी बोललं तर पाहिजे.

जबाब ठेकेदारापासून लांब, एकेकाला घेऊन लिहायचे असतात. तसेच घेतले. गवताच्या गंजीच्या पलीकडे, सावलीत. कामगार खात्याच्या साहेबांनी रंभाला विचारलं, तुम्हाला मारहाण होते का? नाय. कोंडून ठेवतात? नाय. बाहेर जायला बंदी आहे का? नाय, रविवारी बाजार असतो ना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा दोष नव्हता, तिने खरी उत्तरं दिली होती. मला मध्ये बोलायची परवानगी नव्हती आणि मी ओठ चावून उभी होते. मनात रंभाला शिव्या घालत होते, हेही खरं आहे.

प्रांत बाईंनी कागद बाजूला ठेवायला सांगितले. त्यांना बहुधा तिचं दडपण कमी करायचं होतं. झोपडीच्या दोरीवर सुकट वाळत होती, तिच्याकडे बघून त्यांनी सहज विचारलं, बाजारात काय भावाने मिळाली?

"मला काय ठाव. मी जात नाय बाजारात."

"का?"

"मी मागं ऱ्हाते."

बाई जराशा पुढे झुकल्या. कशासाठी मागे राहता?

"बयाणा घेतलाय ना, मॅडम. कुनीतरी मागं ऱ्हायला लागतं."

"आणि तुम्हीही गेलात तर?"

तसा प्रश्न रंभाला कोणी कधी घातला नसावा. मग म्हणाली, मंग पोरगी ऱ्हाईल.

साहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढले. त्यानंतर सगळ्या झोपड्यांतल्या माणसांना हाच प्रश्न विचारला गेला, मागे कोण राहतं, आणि प्रत्येकाने न अडखळता नाव सांगितलं. एकीने सासूचं, एकाने लहानग्या भावाचं. कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. भाऊशेठला लांबून ऐकू येत नव्हतं, पण त्याचा चहा आला नाही तो आलाच नाही.

पुढचं कायद्याप्रमाणे झालं, आणि लवकर झालं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असं नेहमी होत नाही. शेठवर गुन्हा दाखल झाला. दिलेले पैसे वेठबिगारीचं कर्ज नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी आता त्याच्यावर आली. करिश्माला बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि तिथून ती आश्रमशाळेत परत गेली. माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले, प्रत्येकाच्या नावाचा वेगळा. दाखला देताना बाईंनी समजावून सांगितलं, की शेठचा बयाणा आता संपला. फेडायचा नाही.

धाकूला ते पटेना. शेठचं खाल्लं, ते बुडवायचं कसं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाई म्हणाल्या, तुम्ही द्यायला गेलात आणि त्याने घेतलं, तर तो तुरुंगात जाईल. शेठला तुरुंगात घालण्याएवढा आपला पैसा भारी आहे, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळलं. नंतर मी पाहिलं तर तो एकटाच हसत होता.

रंभा हसली नाही, रडलीही नाही. दाखला तिने पदरात बांधला. मला वाटलं होतं की निदान पोरगी शाळेत गेल्यावर तरी तिच्या तोंडावर काही दिसेल. तसं काही झालं नाही. मला जरा रागच आला तिचा. एवढी धावपळ केलेल्या माणसाला काहीतरी बघायला मिळावं असं वाटतंच.

मग ठाण्याहून कलेक्टर ऑफिसची मंजुरी आली आणि तातडीच्या मदतीचे पैसे प्रत्येकाच्या खात्यात जमा झाले. तीस हजारांपर्यंत अशी मदत लगेच देता येते, पुनर्वसनाची मोठी रक्कम नंतर, खटल्यावर अवलंबून. धाकूने वाडीतल्या झोपडीवर पत्रे घातले. मला फोन करून सांगितलं. मी खूश झाले, डोंबिवलीत ओळखीच्या पाच-सहा जणांना ते सांगितलंसुद्धा.

पुढच्या सोमवारी सकाळी प्रांत ऑफिसमधून प्रीतमचा फोन आला.

"ताई, तुमची ती बाई येऊन बसलीये इथे. बोचकं घेऊन. ऑफिस उघडायच्या आधीपासून आहे. उठ म्हटलं तर उठत नाहीये."

मला वाटलं शेठने काहीतरी केलं, घरातून हाकललं किंवा धाकूला मारलं. धावत गेले. रंभा ऑफिसच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नये अशी, कोपऱ्यात. शेजारी बोचकं, त्यातून गोधडीचं टोक बाहेर आलेलं. एक पातेलं, एक पाण्याची बाटली. हाताची जखम भरत आली होती.

काय झालं, मी विचारलं. काय नाय, म्हणाली. धाकू बरा आहे? बरा हाय. मग कशाला आलीस? तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं दवाखान्यात पाहिलं होतं.

"सरकारचं पैसं घेतलं ना, ताई."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले.

ती शांतपणे सांगत होती. पैसे आले हे धाकूने सांगितलं. पत्रे आले. मग तिने वाट पाहिली, कोणी बोलवायला येतं का. कोणी आलं नाही. शेठचं माणूस यायचं, सरकारचं येत नाही, तर सरकार लांब आहे म्हणून असेल. मग तिला भीती वाटली की सरकारला पोरीची शाळा ठाऊक आहे. सरकारनेच तिला तिथे पोचवली आहे. बोलवायचं झालं तर सरकार पहिल्यांदा तिलाच उचलेल. म्हणून आपणच यावं, असं ठरवून ती पहिल्या गाडीने आली.

"माझा हात बरा झालाय," ती म्हणाली. "झाडलोट करीन. पोरीला नका बोलवू."

मी तिला समजावलं. हे पैसे फेडायचे नाहीत, हा बयाणा नाही, तुझा हक्क आहे, कायद्याने दिले आहेत. सगळे शब्द वापरले. तिने मान हलवली. धाकूने शेठपुढे हलवावी तशी, मोठ्या माणसाचं ऐकून घेतल्याची मान. बोलणं संपल्यावर तिने बोचकं थोडं भिंतीच्या बाजूला सरकवलं आणि नीट बसली. मला इतका संताप आला की मी उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. कोणावर संताप, ते मला सांगता येणार नाही. भाऊशेठवर, तिच्या मेलेल्या बापावर, धाकूच्या पत्र्यांवर. मी रडत होते आणि प्रीतम लाजून दुसरीकडे बघत होता.

दुपारी प्रांत बाई बाहेर आल्या. प्रीतमने त्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं त्या पुन्हा कायदा समजावतील, आणि मी त्यांना म्हणणार होते की सोडा, उपयोग नाही. पण त्या काहीच समजावायला गेल्या नाहीत. त्या रंभाच्या समोर उकिडव्या बसल्या. साडी जमिनीला लागली.

"तुम्ही सकाळपासून बसलात ना?"

"हां, मॅडम."

"तेवढं पुरे. तुमचं राहणं झालं. आता घरी जा."

हे बरोबर नव्हतं. राहणं नव्हतंच, तर झालं कसलं? मी तोंड उघडलं होतं, पण बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. रंभा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दवाखान्यापासून आजपर्यंत मी तिला कधी इतकं नीट ऐकताना पाहिलं नव्हतं.

"आणि पोरीचं?"

"पोरीचंपण झालं," बाई म्हणाल्या.

रंभाने गोधडीचं बाहेर आलेलं टोक आत खोचलं, बोचक्याला गाठ मारली आणि उठली.